ड्युरेशन दोन्हीकडे ७.०२, मग एकाच गठ्ठ्यात तोटा कसा? – की रेट ड्युरेशन

हळदबाजार
मंडळी, मी एका नागरी सहकारी बँकेत ट्रेझरी बघतो. ट्रेझरी म्हणजे मी, एक सहकारी आणि एक एक्सेल फाइल. प्रश्न जरा लांबलचक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एका सल्लागाराच्या सांगण्यावरून आम्ही १० वर्षांचे काही सरकारी रोखे विकले आणि त्या पैशांत साधारण निम्मे २ वर्षांचे, निम्मे ३० वर्षांचे रोखे घेतले. मॉडिफाइड ड्युरेशन आधी जितकी होती तितकीच राहिली, शिवाय कन्व्हेक्सिटी, म्हणजे दर जास्त हलल्यावर किमतीत मिळणारा जादा फायदा, वाढली. "जोखीम तीच, फायदा जास्त" असं सांगून मी ठराव मंजूर करून घेतला. पुढे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव टक्का आणि ६ जूनला एकदम अर्धा टक्का रेपो दर कमी केला. ६.५० वरून ५.५०. आम्ही खूश. पण जूनच्या त्याच बैठकीत धोरणाचा पवित्रा 'न्यूट्रल' झाला आणि त्यानंतर लांब मुदतीचे दर खाली यायच्या ऐवजी वर गेले. ऑगस्टअखेर १० वर्षांचा दर साडेसहाच्या आसपास होता आणि ३० वर्षांचा सातच्या चांगलाच वर.

परिणाम असा की जुना गठ्ठा ठेवला असता तर जे झालं असतं, त्यापेक्षा आमचं बरंच वाईट झालं. आमच्या संचालक मंडळात गणिताचे एक निवृत्त सर आहेत. त्यांनी विचारलं, "ड्युरेशन सारखी होती ना? मग सारख्या जोखमीचा निकाल वेगळा कसा?" मी म्हणालो की कर्व्ह, म्हणजे मुदतीनुसार दर दाखवणारी रेषा, वळला. ते म्हणाले, "वळला म्हणजे किती? आकड्यात सांग." तिथे माझी बोलती बंद झाली. सल्लागाराच्या अहवालात 'की रेट ड्युरेशन' नावाचा एक तक्ता आहे. तो कसा वाचायचा?

बाजारबुणगा
रोखे एचटीएममध्ये, म्हणजे मुदतीपर्यंत ठेवायच्या खात्यात, टाकले असते तर हा प्रश्नच आला नसता. :)

हळदबाजार
एएफएसमध्ये, म्हणजे विक्रीसाठीच्या खात्यात, आहेत. आणि एचटीएममध्ये टाकून तोटा दिसत नाही, होतो तर तेवढाच. सर ते ऐकून घेणारे नाहीत.

वक्ररेषा
तुमच्या सरांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मॉडिफाइड ड्युरेशन एकाच प्रकारच्या हालचालीचं उत्तर देते: ३ महिन्यांपासून ४० वर्षांपर्यंत सगळे दर एकत्र, सारख्याच अंतराने हलले तर किंमत किती बदलेल. जून २०२५ मध्ये तसं झालंच नाही. पुढचं, म्हणजे कमी मुदतीचं टोक खाली होतं, मागचं, लांब मुदतीचं, वर गेलं.

की रेट ड्युरेशन तोच एक आकडा कर्व्हवरच्या ठरावीक खुंट्यांवर वाटून देते. थॉमस हो यांनी १९९२ मध्ये ही मांडणी केली तेव्हा ३ महिन्यांपासून ३० वर्षांपर्यंत ११ खुंट्या घेतल्या होत्या. आपण चारच घेऊ: २, ५, १० आणि ३० वर्षं. एका वेळी एकच खुंटी एका बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०१ टक्क्याने, उचलायची. धक्का त्या खुंटीवर पूर्ण असतो आणि शेजारच्या खुंटीपर्यंत सरळ उतरत शून्य होतो, मांडवाचं कापड एका खांबावर उचललं की दिसतं तसा. ५ वर्षांची खुंटी हलवली तर ७ वर्षांनी येणाऱ्या व्याजाला धक्क्याचा ६० टक्के भाग लागतो, १० वर्षांच्या मुद्दलाला काहीच नाही. मग रोख्याची किंमत पुन्हा काढायची.

```
KRD_k = (P_minus - P_plus) / (2 * P * 0.0001)
```

आता उदाहरण. हिशेब डोक्यात राहावा म्हणून सगळीकडे सपाट ७ टक्के दर, ७ टक्के कूपन, व्याज वर्षातून एकदाच. तुमच्या रोख्यांवर व्याज सहामाही असतं, पण त्याने गोष्ट बदलत नाही. मी झीरो दर हलवले, म्हणजे प्रत्येक हप्त्याचा स्वतःचा वटवणुकीचा दर.

१० वर्षांच्या रोख्याची ड्युरेशन ७.०२. त्यातले ०.३५ दोन वर्षांच्या खुंटीवर, ०.९९ पाचच्या, ५.६९ दहाच्या. ३० वर्षांच्या खुंटीवर शून्य.

३० वर्षांच्या रोख्याची ड्युरेशन १२.४१. ती अशी वाटली जाते: ०.३५, ०.९९, ४.१७ आणि ६.९०. ४.१७ कडे जरा थांबून बघा. तीस वर्षांच्या रोख्याची एक तृतीयांश जोखीम दहाच्या खुंटीवर बसली आहे. कारण ११ ते २९ वर्षांत येणारं सगळं व्याज या दोन खुंट्यांत वाटलं जातं, आणि आपण त्यांच्यामध्ये एकही खुंटी ठोकलेली नाही.

आता तुमच्यासारखा गठ्ठा: ५०.८ टक्के २ वर्षांचा रोखा, ४९.२ टक्के ३० वर्षांचा. एकूण ड्युरेशन ७.०२, म्हणजे १० वर्षांच्या रोख्याइतकीच. वाटणी मात्र १.०९, ०.४९, २.०५ आणि ३.४० अशी.

कर्व्ह पिळू. २ वर्षं अर्धा टक्का खाली, ५ वर्षं पाव टक्का खाली, १० जागच्या जागी, ३० अर्धा टक्का वर. १० वर्षांच्या रोख्याला ०.४२ टक्के नफा. तुमच्या गठ्ठ्याला १.०३ टक्के तोटा. १० कोटींवर एकाला ४.२ लाख मिळाले, दुसऱ्याचे १०.३ लाख गेले. कन्व्हेक्सिटीने तुम्हाला सुमारे ०.१ टक्का परत मिळतो, म्हणजे लाखभर रुपये. सल्लागाराने विकली ती हीच वस्तू.

हळदबाजार
आभारी आहे! हे सरांना दाखवता येईल. सल्लागाराच्या तक्त्यातही ३० वर्षांच्या खुंटीवर ३.४ च्या जवळपासचाच आकडा आहे.

नीलम_ठाणे
मला एक सांगा, माझे गिल्ट फंडात पैसे आहेत. रेपो कमी झाला म्हणून एप्रिलमध्ये घातले आणि जूननंतर एनएव्ही खालीच. काढून घेऊ का? फंडाच्या माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' लिहिलेली असते, ती बघायची का?

बाजारबुणगा
नीलमताई, इथे खुंट्या ठोकणं चाललंय, तुमची म्हैस दुसऱ्या गोठ्यात आहे.

वक्ररेषा
बुणगे, त्यांचा प्रश्न फार लांबचा नाही. नीलमताई, काढा की ठेवा हे मी सांगणार नाही. पण माहितीपत्रकातला ड्युरेशनचा तो एक आकडा पुरेसा नाही, हाच या धाग्याचा विषय आहे. त्याच पत्रकात फंडाकडचे रोखे दिलेले असतात. २०५० च्या पुढे परिपक्व होणारे रोखे किती टक्के आहेत ते बघा. रेपो कपातीचा पहिला परिणाम कर्व्हच्या पुढच्या टोकावर होतो. लांबचं टोक सरकारची कर्ज उचल, राज्यांचे रोखे आणि विमा कंपन्यांची मागणी यांवर चालतं. रेपोने ते ओढलं जाईलच असं नाही.

बाजारबुणगा
आता माझं ऐका. वक्ररेषा यांचा हिशेब मला पटत नाही. ३० वर्षांच्या रोख्याची ड्युरेशन १२.४१. त्याचं यील्ड अर्धा टक्का वर गेलं तर किंमत ६.२ टक्के पडणार, यात वाद नाही. निम्म्या गठ्ठ्यावर तो फटका सुमारे ३.०५. दोन वर्षांच्या भागावर मिळाले ०.४६. निव्वळ तोटा २.५९ टक्के. तुम्ही १.०३ म्हणता! आणि १० वर्षांचा दर हललाच नाही तर १० वर्षांच्या रोख्याला ०.४२ नफा कुठून आला? मी पंधरा वर्षं डीलिंग रूममध्ये होतो, असा फुकटचा नफा बघितलेला नाही. प्रत्येक रोख्याचं स्वतःचं यील्ड किती हललं ते बघा, त्याच्या ड्युरेशनने गुणा, काम झालं. की रेट बिट कशाला?

वक्ररेषा
तुमचा २.५९ बरोबर आहे. माझा १.०३ सुद्धा बरोबर आहे. आपण दोघं 'दर' हा शब्द वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतोय. हे मी आधीच ठळकपणे सांगायला हवं होतं, चूक माझी.

मी ३० वर्षांचा झीरो दर अर्धा टक्का वर नेला. तिसाव्या वर्षी येणाऱ्या रकमेला तो पूर्ण लागला, विसाव्या वर्षीच्या व्याजाला निम्माच, दहाव्या वर्षीच्याला लागलाच नाही, उलट पहिल्या काही हप्त्यांचे दर कमी झाले. माझ्या पिळात ३० वर्षांच्या रोख्याची किंमत फक्त ३.०३ टक्के पडते. ३.०३ ला १२.४१ ने भागा. रोख्याचं यील्ड जेमतेम २४ बेसिस पॉइंट वाढलं. तुमच्या पिळात ते ५० वाढलं. तुमचा पीळ माझ्या दुपटीने मोठा आहे, म्हणून तुमचा तोटाही मोठा.

१० वर्षांच्या रोख्याचा नफाही तिथूनच आला. त्याचे सुरुवातीचे हप्ते कमी दराने वटवले गेले, म्हणून झीरो दर दहाला स्थिर असूनही रोख्याचं यील्ड ६ बेसिस पॉइंट उतरलं.

तुमच्या पद्धतीत खुंट्या पार यील्डवर, म्हणजे ज्या दराला रोखा बरोबर १०० ला मिळतो त्यावर, ठोकलेल्या असतात. तिथे १०० ला मिळणाऱ्या १० वर्षांच्या रोख्याची सगळी ७.०२ दहाच्याच खुंटीवर बसते आणि ३० वर्षांच्याची सगळी १२.४१ तिसाच्या. बाजाराचे संदर्भ दर जाहीर करणारी एफबीआयएल ही संस्था दोन्ही कर्व्ह काढते, पारचाही आणि झीरोचाही. घोळ तेव्हा होतो, जेव्हा तक्ता एका कर्व्हचा असतो आणि धक्का दुसऱ्या कर्व्हचा.

हळदबाजार
थांबा. सल्लागाराच्या तक्त्यात ३० च्या खुंटीवर ३.४ च्या जवळपास आहे. म्हणजे तो झीरोचा तक्ता. आणि त्याच अहवालात पुढच्या पानावर 'प्रतिकूल परिस्थिती' म्हणून "३० वर्षांचं यील्ड ५० बेसिस पॉइंट वाढल्यास तोटा १.७ टक्के" असं लिहिलंय. स्क्रीनवर मला जे दिसतं ते रोख्याचं यील्ड. मग तो आकडा…

वक्ररेषा
६.१ गुणिले अर्धा. सुमारे ३ टक्के. अहवालाने जोखीम जवळपास निम्मी दाखवली.

हळदबाजार
चहा घेऊन येतो.

बाजारबुणगा
बघा, मी म्हणत होतो.

वक्ररेषा
तुमचं अर्धं. "स्वतःचं यील्ड गुणिले स्वतःची ड्युरेशन" हे झाल्यावरचा हिशेब द्यायला चांगलं आहे. पण हळदबाजार यांच्याकडे उद्या १७ वर्षांचा रोखा आला, तर त्याच्यासाठी वेगळी खुंटी कुठे आहे? शिवाय कूपन फार कमी किंवा फार जास्त असेल तर रोखा पारच्या खुंटीवर नीट बसत नाही. मग त्याच्या जोखमीला किती २ वर्षांच्या आणि किती १० वर्षांच्या रोख्यांनी आळा घालायचा, हे तुमच्या गुणाकारातून निघत नाही.

अक्षता_गणिती
मी विमा कंपनीत आहे. योग्य वेळी धागा सापडला, कारण आमच्याकडे याच गोष्टीवरून भांडण चालू आहे. आमच्याकडे सरकारी रोख्यांच्या स्ट्रिप्स आहेत, म्हणजे मधे व्याज नाही, शेवटी एकच रक्कम. प्रणालीत १० वर्षांच्या स्ट्रिपची की रेट ड्युरेशन काढली तर २ आणि ५ वर्षांच्या खुंट्यांवर उणे आकडे येतात आणि १० च्या खुंटीवर तिच्या एकूण ड्युरेशनपेक्षाही जास्त. आमच्या जोखीम विभागाने विक्रेत्याकडे 'बग' म्हणून तक्रार नोंदवली आहे.

बाजारबुणगा
बगच तो. १० वर्षांनी एकदाच पैसे येणार, मधल्या दरांचा त्याच्याशी संबंध काय? उणे ड्युरेशन म्हणजे दर वाढला तर किंमत वाढणार. सरकारी रोख्याची?

वक्ररेषा
अक्षताताई, तुमच्या प्रणालीत खुंट्या पार यील्डच्या आहेत. तक्रार मागे घ्यायला सांगा, नंतर पंचाईत होईल.

समजा १० वर्षांचं पार यील्ड ७ टक्क्यांवर घट्ट बांधून ठेवलं आणि ५ वर्षांचं वाढवलं. १० वर्षांच्या रोख्याची किंमत १०० च राहिली पाहिजे, कारण त्याचं यील्ड हललंच नाही. पण त्याचे सुरुवातीचे हप्ते आता जास्त दराने वटतात, त्यांची किंमत घटली. बेरीज तर १०० च हवी. मग ती तूट कुठून भरून निघणार? शेवटच्या मोठ्या रकमेतून. म्हणून दहाव्या वर्षीच्या रकमेची आजची किंमत वाढते, आणि तुमची स्ट्रिप म्हणजे नेमकी तीच रक्कम.

वरच्याच सपाट ७ टक्क्यांवर मी काढून बघितलं: २ च्या खुंटीवर उणे ०.४४, ५ च्या खुंटीवर उणे १.७८, १० च्या खुंटीवर ११.५६. बेरीज जवळपास ९.३५, आणि स्ट्रिपची मॉडिफाइड ड्युरेशनही १० भागिले १.०७ म्हणजे ९.३५ च. झीरोच्या खुंट्यांवर हेच काढलं तर सगळे ९.३५ दहावर आणि बाकी शून्य.

वळणात याचा अर्थ काय होतो बघा. पार यील्ड २ ला अर्धा टक्का उतरलं, ५ ला पाव टक्का, १० ला हललंच नाही. स्क्रीनवर १० वर्षांचा दर जिथल्या तिथे, पण तुमच्या स्ट्रिपचे ०.६६ टक्के गेले.

अक्षता_गणिती
हे मी आमच्या प्रमुखांना चिकटवणार आहे, तुमचं नाव न घालता. :) पण एक शंका राहते. आमची देणी लांबलचक आहेत, तिथे आम्ही झीरो कर्व्ह वापरतो. मालमत्तेला पार आणि देण्यांना झीरो असं चालणार नाही, हे कळतं. मग सगळीकडे झीरोच वापरावा असं मला वाटतं. आकडे निदान वाचता येतात.

बाजारबुणगा
आणि मी स्क्रीनवर विकायला काय जातो? पारच्या जवळचे रोखे. झीरोने आळा घालायला गेलो तर कुठला रोखा किती विकायचा हे पुन्हा वेगळं काढावं लागेल. मी पारच म्हणतो.

वक्ररेषा
यात मी कुणाचीच बाजू घेणार नाही. माझ्या जुन्या नोकरीत दोन मजल्यांवर दोन पद्धती होत्या आणि महिन्याच्या शेवटी लिफ्टमध्ये भांडणं.

दशांश_चिन्ह
उशिरा येतोय. मी अशीच एक्सेल फाइल बनवली होती. सगळ्या खुंट्यांची बेरीज एकूण ड्युरेशनशी जुळायला हवी असं वर आलंय, माझी जुळत नव्हती. १० वर्षांपर्यंतच्या रोख्यांची जुळायची, पण ४० वर्षांच्या रोख्याला बरीच कमी पडायची. मी कन्व्हेक्सिटीला दोष देऊन मोकळा झालो.

वक्ररेषा
एका बेसिस पॉइंटच्या धक्क्यात कन्व्हेक्सिटीचा एवढा फरक पडतच नाही. तुमची शेवटची खुंटी ३० ची असणार आणि तिचा धक्का ३० नंतरही उतरत गेला असणार. टोकाच्या खुंट्यांना एका बाजूला उतार नसतो. २ च्या आतल्या सगळ्या मुदतींना पहिल्या खुंटीचा पूर्ण धक्का, ३० च्या पुढच्या सगळ्यांना शेवटच्या खुंटीचा पूर्ण. कुठल्याही मुदतीवर सगळ्या धक्क्यांची बेरीज १ यायलाच हवी, नाहीतर कर्व्हचा एखादा तुकडा कुणाच्याच हिशेबात येत नाही. आपल्याकडे २०२३ पासून ५० वर्षांचेही रोखे निघतात, त्यामुळे ही चूक आता महाग पडते.

दशांश_चिन्ह
बघितलं. ३५ ला शून्य होत होता. 🙏

अक्षता_गणिती
याला जोडून विचारते. १० आणि ३० च्या मधे किती खुंट्या? आमच्याकडे १५ आणि २० आहेत, पण १५ वर्षांचा दर एकटा उचलायचा आणि १० आणि २० जागेवर ठेवायचे, असं बाजारात कधी होतं का? आणि त्या एका उचलण्याने पुढचे वायदा दर करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होतात.

वक्ररेषा
एकटी खुंटी उचलणं हे भाकीत नाही, तो मोजण्याचा ठोका आहे. तुमच्या करवतीचं खरं दुखणं दुसरीकडे आहे. काही ठिकाणी कर्व्ह स्प्लाइनने, म्हणजे सगळ्या बिंदूंतून जाणाऱ्या एका गुळगुळीत वक्राने, बसवलेला असतो आणि धक्का त्याच्यातून पुन्हा फिरवला जातो. मग १५ वर उचललेलं ५ वरही थोडंसं हलतं, कधी उलट दिशेने. तक्त्यात लांबच्या खुंटीवर छोटे आणि चिन्ह बदलणारे आकडे दिसले, तर तिथे बघा. खुंट्यांच्या संख्येबद्दल माझं मत एवढंच, की जिथे विकता येईल असा रोखा आहे तिथे खुंटी ठोका. आपल्याकडे १५ ला चालतो, ३० ला आणि ४० ला चालतो. २० बद्दल मला खात्री नाही.

बाजारबुणगा
२० ला कोण जातं?

अक्षता_गणिती
आम्ही जातो.

हळदबाजार
चहा झाला. तक्ता पार यील्डवर पुन्हा काढला. व्याज सहामाही धरून आमच्या गठ्ठ्याचा ३० च्या खुंटीवरचा आकडा ६ च्या थोडा वर आला, अहवालातल्यापेक्षा जवळपास दुप्पट. सरांना दोन्ही तक्ते दाखवले. त्यांनी दहा मिनिटं शांतपणे वाचले आणि विचारलं, "जानेवारीत हा दुसरा तक्ता असता तर तू ठराव आणला असतास का?"

नसता आणला, असं सांगितलं. आता पुढच्या बैठकीत ३० वर्षांचे निम्मे रोखे विकून १० मध्ये परत यायचा प्रस्ताव आहे. तोटा खतावणीत पक्का होईल. वक्ररेषा, बुणगे, २ वर्षांचे रोखे तसेच ठेवले तर ड्युरेशन साडेपाचच्या आसपास येते आणि ३० च्या खुंटीवर ३ उरतात. हे ३ जास्त आहेत का?

बाजारबुणगा
१० कोटींवर ३ म्हणजे ३० वर्षांचं यील्ड एका बेसिस पॉइंटने हललं की ३० हजार रुपये. जूननंतर एकेका दिवशी किती पॉइंट हलले ते काढून बघ आणि झोप लागते का ते ठरव.

वक्ररेषा
त्याआधी ते ३ कुठल्या कर्व्हवरचे आहेत ते प्रस्तावात लिही.